हिशेब मिटल्यानंतर

निजामपुऱ्यांत जन्म काढलेल्या माणसाची झोप आवाजानें मोडत नाहीं, शांततेनें मोडते, असें आम्हीं म्हटलें तर परगांवच्या वाचकांस तें विचित्र वाटेल. परंतु भिवंडींतील ह्या जुन्या वस्तींत ज्यांचीं घरें यंत्रमागांच्या कारखान्यांस लागून आहेत, त्या सर्वांचा अनुभव हाच आहे. बारा बारा तासांच्या दोन पाळ्या, आणि रात्रंदिवस धोट्यांची ती खटखट. पाहुणा आला तर पहिल्या रात्रीं डोळ्यास डोळा लागत नाहीं. आम्हांला मात्र ती खटखट ऐकूं येतच नाहीं. मध्यरात्रीं वीज गेली आणि सारे माग एकदम थांबले म्हणजे अख्खी गल्ली दचकून जागी होते. कांहीं तरी बिघडलें आहे, एवढेंच झोपेंतल्या मनास कळतें. काय बिघडलें तें मागाहून समजतें.

नोकरींतून निवृत्त झालेल्या माणसाच्या मनांत जी एक निराकार धास्ती घर करते, तिचें वर्णन करावयास ह्याहून जवळची उपमा आम्हांस सांपडत नाहीं. चालत्या गोष्टीचा आवाज बंद होतो, आणि त्या बंद पडण्यानेंच माणूस जागा होऊन घाबऱ्या घाबऱ्या इकडे तिकडे पाहूं लागतो.

आम्ही छत्तीस वर्षें एका मागांच्या कारखान्यांत मेहता होतों. मेहता म्हणजे हिशेब ठेवणारा, पण तेवढेंच नव्हे. सूत किती आलें, बीम किती चढले, कोणत्या कारागिराच्या मागावर किती तागे उतरले, त्यांत डाग किती, तुटीचे किती, कोणाची उचल किती बाकी, हें सारें त्यानें लिहावयाचें. आणि पंधरवड्याच्या पगाराला रोकड कमी पडणार नाहीं, हें मालकाच्या आधीं त्यानें पाहावयाचें. एका अर्थीं काळजी करणें हाच आमचा धंदा होता. सुताची गाडी वेळेवर येईल ना, पावसांत ती वाटेंतच अडकेल काय, वीज किती वेळ जाईल, ईदेला गांवीं गेलेले कारागीर परत केव्हां येतील, अशा शंका घेण्याबद्दलच आम्हांस पगार मिळत असे. जो मेहता निश्चिंत राहतो त्याचें दप्तर महिन्याभरांत बुडतें, असें आमच्या आधींचे वृद्ध मेहता सांगत, आणि तें खोटें नव्हतें.

चौसष्टाव्या वर्षीं आम्हीं दप्तर नव्या माणसाच्या हवालीं केलें. मालकांनीं शाल दिली, कारागिरांनीं मिठाई वांटली. घरीं मुलगा मिळवता. राहतें घर स्वतःचें. मागांच्या धंद्यांत निवृत्तिवेतन मिळणारीं माणसें थोडींच, तथापि आमच्या गांठीं दोघांच्या पोटापुरतें होतें. हें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, पुढें जें झालें त्याला पैशाची विवंचना हें कारण देतां येत नाहीं.

पहिला महिना सणासारखा गेला. दुसऱ्या महिन्यांत पहाटे साडेतीनला जाग येऊं लागली. जागें होतांच छाती धडधडे, तळहात ओले होत, आणि पोटांत असा कांहीं गोळा उठे कीं जणूं आज पगाराचा दिवस आहे व तिजोरींत पैसा नाहीं. मग मन कारण शोधूं लागे. गॅसची कळ फिरविली आहे ना? उठून पाहावें, फिरविलेली असे. पुन्हां अंथरुणावर पडावें, तों दाराची कडी आठवे. दिवसां नातवाची शाळेची गाडी दहा मिनिटें उशिरा आली तर आम्ही कोपऱ्यापर्यंत जाऊन उभे राहूं. मुलगा ठाण्याहून निघाला कीं नाहीं हें विचारण्यासाठीं तासांत तीन वेळां फोन. सौभाग्यवतींना साधा खोकला झाला तर आमच्या मनांत थेट इस्पितळाचा दरवाजा उभा राही. त्या एकदां कंटाळून म्हणाल्या, "अहो, कारखान्यांतली काळजी तुम्ही तिथं ठेवून यायचं, ती सगळी घरीं घेऊन आलांत."

हें बोलणें रागाचें होतें, पण पुष्कळ वाचन करूनही आम्हांस ह्याहून नेमकें निदान कोठें आढळलें नाहीं. त्याचा विचार पुढें करूं. आधीं वैद्यकाची हकीकत सांगतों, कारण तींत वाचकांच्या उपयोगाचें कांहीं आहे.

धडधडणारी छाती घेऊन माणूस प्रथम हृदयाच्याच डॉक्टरांकडे जातो. आम्हीही गेलों, आणि तें योग्यच होतें. डॉक्टरांनीं समजावून सांगितलें कीं, चिंतेची व्याधि बहुधा तरुणपणापासून माणसाच्या सोबतीला असते. साठीनंतर ती प्रथमच उपटली तर आधीं शरीर तपासलें पाहिजे. म्हणून हृदयाचा आलेख, रक्तांतील साखर, हिमोग्लोबिन, आणि विशेषेंकरून थायरॉइड ग्रंथीची तपासणी. ही ग्रंथि वाजवीपेक्षां अधिक काम करूं लागली तर धडधड, कंप, घाम आणि निद्रानाश हीं सारीं लक्षणें हुबेहूब चिंतेचीच दिसतात. घेत असलेल्या औषधांची यादीही त्यांनीं पाहिली, कारण दम्याचीं व सर्दीचीं कांहीं औषधें छातींत असाच गोंधळ उडवितात. चहा किती, हेंही विचारलें. कारखान्यांतल्या संवयीनें आमचा आठ कप चालू होता. तो तिनांवर आला आणि धडधड थोडी उतरली. बाकी सारें निर्दोष निघालें.

निर्दोष निघाल्यानें आनंद व्हावा, तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशीं मन म्हणूं लागलें कीं तपासणींतच कांहीं राहून गेलें असेल. चिंतेची ही खूण लक्षांत ठेवण्यासारखी आहे. खऱ्या शंकेचें उत्तर मिळालें कीं ती मिटते. हिचें उत्तर मिळालें कीं ही नवा प्रश्न काढते.

त्यानंतर आम्हांस मनाच्या डॉक्टरांकडे पाठविण्यांत आलें. आमच्या पिढीच्या माणसास त्या पायऱ्या चढणें जड जातें, हें सांगावयास नको. तेथें त्या बाईंनीं सात प्रश्नांचा एक कागद पुढें ठेवला. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस बेचैनी वाटली, काळजी थांबवितां आली नाहीं, निरनिराळ्या गोष्टींची फार काळजी केली, मन सैलावूं शकलें नाहीं, एका जागीं बसवलें नाहीं, चिडचीड झाली, आणि कांहीं तरी भयंकर घडणार असें वाटलें, हे ते प्रश्न. प्रत्येकास शून्यापासून तीनपर्यंत गुण, एकूण एकवीस. पांचपर्यंत फारसें कांहीं नाहीं, दहाच्या वर गेल्यास नीट चौकशी हवी, पंधराच्या वर गेल्यास व्याधि तीव्र समजावी. ही प्रश्नावली २००६ सालीं प्रसिद्ध झाली, व आज ती जगभर वापरतात. आम्हांस चौदा गुण मिळाले. परीक्षेंत गुण अधिक मिळाल्याचें वाईट वाटण्याचा आयुष्यांतील तो पहिलाच प्रसंग. केवळ ह्या बेरजेवरून रोग ठरत नाहीं, हें त्यांनीं बजावलें. मग उदासीनता आहे काय, विसराळूपणा वाढला आहे काय, हें त्यांनीं तासभर बसून विचारलें, कारण म्हातारपणांत ह्या दोहोंची सुरुवातही पुष्कळदां चिंतेचें सोंग घेऊन होते.

आम्हीं झोपेची गोळी मागितली. आमच्या ओळखीच्या तिघां चौघांच्या उशाशीं ती असते. त्यांनीं दिली नाहीं, आणि कारण सांगितलें. त्या जातीच्या गोळ्यांनीं पहिल्या रात्रीं स्वर्ग हातीं येतो. पण कांहीं आठवड्यांत शरीर त्यांना सरावतें, म्हातारा माणूस रात्रीं उठतांना तोल जाऊन पडतो, कंबरेचें हाड मोडतें, स्मरण मंद होतें. शिवाय दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकीं सोडली तर मूळची चिंता दुप्पट होऊन येते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीं हळूहळूच उतरवावी लागते. दुसऱ्या जातीचीं औषधें आहेत, त्यांची संवय लागत नाहीं, पण गुण दिसावयास चार सहा आठवडे लागतात. जरूर पडल्यास तीं देऊं, असें त्या म्हणाल्या. आधीं त्यांनीं आमचा दिवस विचारला. सकाळीं सहापासून रात्रीं दहापर्यंत काल काय काय केलें, तें तासातासानें लिहा.

आम्ही छत्तीस वर्षें लिहीत आलेलों. पण त्या कागदावर आमचा हात चालेना. चहा, वर्तमानपत्र, जेवण, वामकुक्षी, चहा, दार, जेवण. मधल्या तासांत आम्ही काय केलें तें आम्हांस खरोखरच सांगतां येईना.

पुढें वाचनांत आम्हांस असेंच एक कोष्टक आढळलें, आणि तें एका विणकरांच्याच गांवाचें होतें म्हणून आम्ही चकित झालों. ऑस्ट्रियांत व्हिएन्नाजवळ मारिएंटाल नांवाचें एक खेडें आहे. तेथील कापडाची गिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सारें गांव रिकामें बसलें. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझेल ह्या तिघां तरुण संशोधकांनीं तेथें जाऊन जें पाहिलें तें १९३३ सालीं पुस्तकरूपानें छापलें. रिकाम्या माणसाला वेळ मुबलक, तेव्हां तो अधिक वाचील, अधिक हिंडेल, सभासंमेलनें गाजवील, असें कोणासही वाटेल. घडलें उलट. गांवच्या वाचनालयांतून पुस्तकें फुकट मिळूं लागलीं तरी तीं नेणारे घटले. संशोधकांनीं खिडकींत बसून हमरस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल मोजली; पुरुष हळू चालत आणि दर थोड्या पावलांवर थांबत. बहुतेक पुरुषांनीं खिशांत घड्याळ बाळगणें सोडून दिलें होतें. दिवसाची हकीकत लिहावयास सांगितली तर त्यांच्या कागदावरही आमच्यासारख्याच चार ओळी उमटत.

बायकांची चाल मात्र झपाट्याची होती. त्यांचीही गिरणींतली मजुरी गेलीच होती. पण चूल, धुणें, मुलें ह्यांनीं त्यांचा दिवस बांधून ठेवला होता. हें वाचून आम्हीं सौभाग्यवतींकडे पाहिलें. त्यांना चौसष्टाव्या वर्षीं कोणी शाल दिली नव्हती आणि दप्तरही कोणी घेतलें नव्हतें. ही त्यांच्यावर झालेली कृपा आहे असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं.

याहोडाबाईंनीं पुढें आयुष्यभर ह्या प्रश्नाचा विचार केला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, नोकरी पगार देते तो डोळ्यांस दिसतो. पण न दिसणाऱ्या आणखी कांहीं गोष्टी ती देते. दिवसाला ती बाहेरून सांगाडा घालते. घराबाहेरच्या माणसांशीं गांठ घालते. आपल्या एकट्याच्या हेतूहून मोठ्या हेतूंत गुंतविते. आपण कोण हें सांगावयाची सोय करते. आणि हातपाय हलवावयास लावते. मारिएंटालच्या लोकांवर उपासमारीची पाळी होती व आमच्यावर ती नाहीं, म्हणून ही तुलना ताणून धरणें योग्य नव्हे. परंतु सांगाडा 'बाहेरून' येतो, हा जो त्यांतला मुद्दा, तो आम्हांस फार पटला. कारण सकाळीं सहाला फिरावयास जाणें, पोथी वाचणें, असे नेम आम्हीं स्वतः केले होते, ते आठ दिवसांवर टिकले नव्हते. गेलों नाहीं तर कोणाचें कांहीं अडत नसे.

आतां सौभाग्यवतींच्या वाक्याकडे येऊं. कारखान्यांतल्या काळजीला एक गुण होता. संध्याकाळीं रोजमेळ जुळला कीं ती त्या दिवसापुरती संपे. सुताची गाडी एक तर येई किंवा न येई. न आली तर दुसरा व्यापारी गांठावयाचा. म्हणजे प्रत्येक काळजीपुढें एक कृति होती आणि प्रत्येक काळजीला शेवट होता. नोकरी सुटली, तरी छत्तीस वर्षें घोटलेली शंका घेण्याची संवय सुटली नाहीं. तिला फक्त माल मिळेनासा झाला. मग तिनें गॅसची कळ धरली, नातवाची गाडी धरली, बायकोचा खोकला धरला. ह्या गोष्टींचा रोजमेळ कधीं जुळत नाहीं, कारण माणसें उद्यांही सुखरूप राहतील कीं नाहीं ह्याची बेरीज आज करतां येत नाहीं.

डॉक्टरबाईंना हें सांगितलें तेव्हां त्या हंसल्या आणि म्हणाल्या, "मग वहीच घाला." त्यांनीं सांगितलेली रीति अशी. संध्याकाळीं पांच ते साडेपांच हा काळजीचा वेळ; झोपेच्या जवळचा नको. इतर वेळीं काळजी आली तर तिच्याशीं वाद न घालतां वहींत एक ओळ लिहावयाची व पांच वाजतां पाहूं म्हणून पुढें ढकलावयाची. पांच वाजतां प्रत्येक ओळीस एकच प्रश्न: ह्याबद्दल आज मला कांहीं करतां येईल काय? येत असेल तर तें करावयाचें, नसेल तर ओळ तशीच सोडावयाची. आणि शेजारीं एक रिकामा रकाना ठेवावयाचा. तींत, भाकीत केलेलें संकट पुढें आलें कीं नाहीं, तें यथाकाल भरावयाचें.

कळ व कडी ह्यांविषयीं नियम निराळा होता. एकदां पाहावें आणि परत फिरावें. पुन्हां पाहाण्याची ओढ लागते, जीव वरखालीं होतो. पण न पाहतां बसून राहिलें तर ती ओढ थोड्या वेळानें आपोआप उतरते. पुन्हां पाहिलें तर तात्काळ बरें वाटतें हें खरें, परंतु मन असा धडा शिकतें कीं, पाहिलें म्हणूनच घर वांचलें. मुलास फोन करण्याचेंही तेंच. सौभाग्यवतींना त्यांनीं सांगितलें कीं धीर एकदांच द्या, दहा वेळां विचारलें तरी दहा वेळां उत्तर देऊं नका. हें काम त्यांनीं मनापासून केलें.

सहा आठवड्यांत वहींत त्रेसष्ट ओळी झाल्या. रकाने भरले तेव्हां त्यांतील पांच गोष्टी खरोखर घडल्या होत्या, आणि भ्यालों तितकी वाईट त्यांतली एकच, ती म्हणजे मेहुण्यांचें आजारपण. त्यावेळीं आम्ही तीन दिवस इस्पितळांत बसलों, आणि सांगावयास नवल वाटतें, त्या तीन दिवसांत छाती एकदांही धडधडली नाहीं. करावयास काम होतें.

हें ध्यानांत आल्यावरच दुसऱ्या गोष्टीकडे आम्ही वळलों. गल्लीच्या टोकाशीं आठ मागांचा एक लहान कारखाना आहे. मालक स्वतःच माग चालवितो. कागदपत्रांच्या नांवानें आंवळ्याएवढें पूज्य. त्यानें पूर्वीं एकदां विचारलें होतें, तें आम्हीं आतां मान्य केलें. मंगळवारीं व शनिवारीं सकाळीं दहा ते एक. तो महिन्याला थोडेसे पैसे देतो. ते घ्यावे कीं नाहीं ह्याचा आम्हीं विचार केला आणि घेतले. फुकट करणाऱ्याला उशीर झालेला चालतो; पैसे घेणाऱ्याची वाट पाहिली जाते, आणि आम्हांस वाट पाहिली जाणेंच हवें होतें. पहिल्याच शनिवारीं दहा वाजून दहा मिनिटें झालीं तों त्याचा लहान मुलगा दारांत उभा. "मेहताजी, अब्बा बुला रहे हैं." ह्या चार शब्दांनीं जें काम केलें तें कोणत्याही गोळीनें केलें नसतें, असें आम्हांस प्रामाणिकपणें वाटतें, मात्र ज्यांचे गुण पंधराच्या पुढें आहेत त्यांनीं ह्या वाक्यावर विसंबून औषध टाळूं नये.

चौथ्या महिन्यांत तोच कागद पुन्हां भरला तेव्हां सहा गुण आले. पहाटेची जाग अजून येते, पण आठवड्यांतून एखादे वेळीं. वीस एक मिनिटांत डोळा लागला नाहीं तर आम्ही उठून बाहेरच्या खोलींत बसतों, झोप आली कीं परत जातों; दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासावर आणली आहे. शुक्रवार अजून जड जातो. त्या दिवशीं इकडे बहुतेक माग बंद असतात, गल्ली मुकी होते, आणि दुपारच्या नमाजाची गर्दी पांगल्यावर उरलेला वेळ अंगावर येतो.

परवां मंगळवारीं मालक हिशेब पाहतां पाहतां म्हणाला कीं सुताचा भाव व विजेचें बिल परवडत नाहीं; दिवाळीनंतर चार माग भंगारांत वजनावर घालीन म्हणतों. चार माग गेले तर दप्तर निम्म्यावर येईल, आणि एका दिवसाचें काम राहील. तें ऐकून पोटांत तो जुना गोळा उठला खरा. पांच वाजतां आम्हीं वहींत ओळ लिहिली, आणि आज काय करतां येईल ह्या प्रश्नापुढें, पलीकडच्या गल्लींतील दुसऱ्या एका कारखानदाराकडे शनिवारीं जाऊन यावें, असें नोंदलें. शेजारचा रकाना अजून कोरा आहे.